न्यायालयाचा अवमान (भारतीय कायदा)

न्यायालयाच्या आदेशाची जाणूनबुजून अवज्ञा करणे, अथवा न्यायदानाच्या कामात अडथळा येईल किंवा न्यायालयाच्या अधिकाराला बाध येईल असे कृत्य वा प्रकाशन करणे, यास न्यायालयाचा अवमान असे म्हणतात. भारतात या विषयाचे नियमन न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ या कायद्याने होते. या कायद्याने अवमानाचे दिवाणी अवमान आणि फौजदारी अवमान असे दोन प्रकार केले आहेत. पहिला प्रकार आदेशाच्या पालनाशी संबंधित आहे, तर दुसरा न्यायसंस्थेच्या कामकाजाशी व तिच्यावरील लोकविश्वासाशी. न्यायाधीशांवरील टीका केव्हा रास्त ठरते आणि केव्हा अवमान ठरते, हा प्रश्न दुसऱ्या प्रकारात उद्भवतो. त्याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत अंशतः आणि न्यायनिर्णयांत अंशतः सापडते.

## कायदेशीर आधार

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १२९ अन्वये सर्वोच्च न्यायालय आणि अनुच्छेद २१५ अन्वये प्रत्येक उच्च न्यायालय हे अभिलेख न्यायालय आहे. स्वतःच्या अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार त्यांना संविधानानेच दिला आहे. अनुच्छेद १९(१)(अ) मधील भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर ज्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात, त्यांत अनुच्छेद १९(२) ने न्यायालयाच्या अवमानाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. म्हणून अवमानाचा कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात आहे एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही. मात्र त्याने घातलेला निर्बंध वाजवी असला पाहिजे.

अवमानाविषयी १९२६ आणि १९५२ साली झालेल्या कायद्यांत अवमानाची व्याख्या नव्हती. १९६१ मध्ये एच. एन. सन्याल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६३ मध्ये अहवाल दिला. त्यातून पुढे आलेल्या १९७१ च्या अधिनियमात व्याख्या, बचाव, शिक्षेची मर्यादा आणि कार्यपद्धती प्रथमच एकत्र आली.

## दिवाणी अवमान

कलम २(ब) नुसार न्यायालयाचा न्यायनिर्णय, हुकूमनामा, निदेश, आदेश, प्राधिलेख किंवा अन्य आदेशिका यांची हेतुपुरस्सर अवज्ञा करणे, अथवा न्यायालयाला दिलेल्या हमीचा हेतुपुरस्सर भंग करणे, म्हणजे दिवाणी अवमान होय. या व्याख्येतील 'हेतुपुरस्सर' हा शब्द निर्णायक आहे. आदेशाचे पालन झाले नाही एवढे दाखवून भागत नाही. आदेश स्पष्ट होता, संबंधित व्यक्तीला तो माहीत होता, त्याचे पालन करणे तिला शक्य होते आणि तरीही तिने ते टाळले, असे सिद्ध व्हावे लागते.

उदाहरणार्थ, एखाद्या अर्जावर आठ आठवड्यांत निर्णय घ्यावा असा आदेश उच्च न्यायालयाने एखाद्या प्राधिकाऱ्याला दिला आणि त्याने बारा आठवडे काहीच केले नाही, तर अवमान याचिकेस जागा निर्माण होते. पण त्याने मुदतीत अर्ज फेटाळला असेल, तर अर्जदाराला तो निर्णय कितीही चुकीचा वाटला तरी आदेशाचे पालन झालेले असते. आदेश निर्णय घेण्याचा होता, अर्ज मंजूर करण्याचा नव्हता. अशा अर्जदाराने नव्या निर्णयाला स्वतंत्रपणे आव्हान द्यावे लागते. मूळ आदेशात नसलेला लाभ अवमान याचिकेतून मिळवता येत नाही, आणि अवमानाची कारवाई ही हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या नेहमीच्या मार्गाला पर्याय म्हणूनही वापरता येत नाही.

आदेशाचे दोन अर्थ प्रामाणिकपणे निघू शकत असतील आणि त्यांपैकी एकानुसार कृती झाली असेल, तर हेतू सिद्ध होणे अवघड जाते. याउलट, आदेश चुकीचा आहे असे वाटणे हा बचाव नव्हे. आदेशाविरुद्ध अपील दाखल केल्यानेही तो आपोआप थांबत नाही. वरिष्ठ न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत त्याचे पालन बंधनकारक असते. सरकारी कार्यालयांविरुद्धच्या अवमान प्रकरणांत अपील प्रलंबित असल्याचा खुलासा वारंवार पुढे येतो, परंतु स्थगिती नसेल तर तो टिकत नाही.

महाराष्ट्राशी संबंधित एक महत्त्वाचे प्रकरण म्हणजे टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाद विरुद्ध अशोक खोत (२००६). वनसंरक्षणाच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लाकूड कापण्याच्या गिरण्या आणि प्लायवूडसारख्या उद्योगांवर निर्बंध घालणारे आदेश दिले होते. ते लागू असतानाही महाराष्ट्रात काही उद्योगांना परवानगी देण्यात आली. १० मे २००६ रोजी न्यायालयाने तत्कालीन वनमंत्री स्वरूपसिंग नाईक आणि वनविभागाचे प्रधान सचिव अशोक खोत यांना दोषी ठरवून प्रत्येकी एक महिन्याची साधी कैद सुनावली. त्यांची माफी न्यायालयाने स्वीकारली नाही. न्यायालयाविषयी अपमानास्पद असे कोणीही काही बोलले नव्हते. आदेश माहीत असून त्याच्या विरुद्ध केलेली कृती एवढाच शिक्षेचा आधार होता.

## फौजदारी अवमान

कलम २(क) नुसार बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांनी, खुणांनी, दृश्य चित्रणाने किंवा अन्य प्रकारे केलेले प्रकाशन, अथवा कोणतेही अन्य कृत्य, पुढील तीनपैकी एका परिणामामुळे फौजदारी अवमान ठरते:

* त्यामुळे न्यायालयाची निंदानालस्ती होत असेल वा होण्याचा संभव असेल, अथवा न्यायालयाचा अधिकार कमी लेखला जात असेल वा जाण्याचा संभव असेल;
* त्यामुळे एखाद्या न्यायिक कार्यवाहीच्या योग्य क्रमावर प्रतिकूल परिणाम होत असेल वा होण्याचा संभव असेल;
* त्यामुळे अन्य कोणत्याही रीतीने न्यायदानात अडथळा येत असेल वा येण्याचा संभव असेल.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात साक्षीदाराला धमकावणे, प्रलंबित खटल्याचा निकाल आधीच लागल्यासारखे लेखन करणे, सुनावणीत गोंधळ घालणे अशी कृत्ये येतात. त्यांचा परिणाम एका विशिष्ट खटल्यावर किंवा कामकाजावर दाखवता येतो. पहिल्या गटाचे स्वरूप वेगळे आहे. तेथे हानी एखाद्या खटल्याची नसून न्यायसंस्थेवरील विश्वासाची मानली जाते. ही हानी मोजणे कठीण असल्याने सर्वाधिक वाद याच गटाभोवती आहे.

दुसऱ्या गटाचे एक जुने उदाहरण मुंबई उच्च न्यायालयातील आहे. १९१९ मध्ये अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतलेल्या वकिलांविषयी उच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले होते. त्या वकिलांविरुद्धची कार्यवाही प्रलंबित असताना महात्मा गांधींनी 'यंग इंडिया' या साप्ताहिकात ते पत्र टीकेसह छापले. उच्च न्यायालयाने सुचवलेली माफी मागण्यास गांधींनी नकार दिला. १९२० मध्ये गांधी आणि प्रकाशक महादेव देसाई यांना अवमानाबद्दल दोषी ठरवून न्यायालयाने कडक समज दिली व पुढे तसे न करण्याची ताकीद दिली. यात आक्षेप मुख्यतः प्रलंबित कार्यवाहीसंबंधीच्या प्रकाशनाला होता.

## दोन्ही प्रकारांतील फरक

दिवाणी अवमानाचा मुख्य हेतू आदेशाचे पालन करवून घेणे हा असतो. ज्या पक्षकाराच्या बाजूने आदेश झाला, तो स्वतः अवमान याचिका दाखल करू शकतो. विलंबाने का होईना आदेशाचे पालन झाले, तर न्यायालय बहुधा प्रकरण निकाली काढते. फौजदारी अवमान हा न्यायालय आणि अवमान करणारी व्यक्ती यांच्यातील विषय मानला जातो. तक्रार करणारा त्रयस्थ हा केवळ माहिती देणारा असतो व आपल्या तक्रारीवर कारवाई व्हावी असा हक्क त्याला नसतो.

हा फरक शिक्षेतही दिसतो. कलम १२ नुसार दोन्ही प्रकारांत कमाल शिक्षा सहा महिन्यांची साधी कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. परंतु दिवाणी अवमानात दंडाने न्यायाचा हेतू साधणार नाही असे वाटल्यासच कैद द्यावी, आणि ती दिवाणी कारागृहात द्यावी, अशी तरतूद कलम १२(३) मध्ये आहे. 'दिवाणी' या नावामुळे या प्रकारात तुरुंगवास होत नाही असा समज असतो, पण वर दिलेल्या २००६ च्या प्रकरणावरून तो बरोबर नसल्याचे दिसते.

## रास्त टीकेची मर्यादा

### कायद्यातील तरतुदी

कलम ५ नुसार, सुनावणी होऊन अंतिमतः निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणावगुणांवर रास्त टीका प्रकाशित करणारी व्यक्ती अवमानाची दोषी ठरत नाही. कलम ४ ने न्यायिक कार्यवाहीच्या रास्त व अचूक वृत्तांतास संरक्षण दिले आहे. दुय्यम न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याविरुद्ध सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे केलेल्या तक्रारीला कलम ६ चे संरक्षण आहे. म्हणजेच न्यायाधीशाच्या वर्तनाविषयी बोलण्यास कायद्याची बंदी नाही. तक्रार योग्य ठिकाणी आणि सद्भावनेने केली असेल, तर ती गंभीर असली तरी अवमान ठरत नाही.

कलम ५ मधील 'अंतिमतः निकाली निघालेले' हे शब्द पाहण्यासारखे आहेत. अपील प्रलंबित असेल तर प्रकरण अंतिमतः निकाली निघालेले नसते. तरीही खालच्या न्यायालयाच्या निकालावर अपिलाच्या काळात भाष्य केले म्हणजे अवमान झालाच, असा याचा अर्थ नाही. कलम ५ चे संरक्षण मिळाले नाही तरी ते भाष्य कलम २(क) च्या व्याख्येत बसते हे दाखवावे लागते. शिवाय कलम १३(अ) नुसार, न्यायदानाच्या योग्य क्रमात भरीव अडथळा आणणारा किंवा आणू पाहणारा अवमान असल्याखेरीज शिक्षा देता येत नाही. त्यामुळे व्याख्येतील 'संभव' या व्यापक शब्दाला शिक्षेच्या टप्प्यावर 'भरीव अडथळा' ही मर्यादा पडते.

### न्यायाधीशाची अब्रुनुकसानी आणि न्यायालयाचा अवमान

ब्रह्म प्रकाश शर्मा विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९५३) या प्रकरणात मुझफ्फरनगर येथील जिल्हा वकील संघाच्या कार्यकारी समितीने दोन अधिकाऱ्यांच्या न्यायिक कामावर व वर्तनावर टीका करणारा ठराव केला आणि तो वरिष्ठांकडे पाठवला. उच्च न्यायालयाने समितीच्या सदस्यांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील मंजूर केले. न्यायाधीशाची व्यक्ती म्हणून झालेली अब्रुनुकसानी आणि न्यायालयाचा अवमान या दोन वेगळ्या बाबी आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पहिलीसाठी न्यायाधीशाला इतर नागरिकांप्रमाणे सामान्य कायद्याचा मार्ग उपलब्ध असतो. अवमानाचा अधिकार न्यायाधीशाच्या प्रतिष्ठेसाठी नसून न्यायदानाच्या संरक्षणासाठी आहे. तो ठराव सर्वत्र प्रसिद्ध करण्यात आला नव्हता, तर विशिष्ट वरिष्ठांकडेच पाठवला होता, ही बाबही न्यायालयाने विचारात घेतली.

येथून जी कसोटी तयार झाली ती अशी मांडता येते: टीका न्यायाधीशाच्या तर्कावर, कायद्याच्या अर्थावर किंवा निकालाच्या परिणामांवर असेल तर ती कठोर भाषेतही चालते, पण न्यायाधीशाने लाच, पक्षपात किंवा अन्य अनुचित हेतूने निर्णय दिला असा आधारहीन आरोप झाला, की ती धोक्याच्या क्षेत्रात जाते. 'या निकालात साक्षीपुराव्याचे वाचन चुकले असून कायद्याचा अर्थ उलटा लावला आहे' हे विधान टीका आहे. 'निकाल कोणाच्या सांगण्यावरून दिला ते सर्वांना ठाऊक आहे' हे विधान हेत्वारोप आहे. दोन्ही विधाने एकाच निकालाविषयी असू शकतात.

### एकाच विषयावरील दोन निकाल

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागू होते आणि कुठे अपुरी पडते, हे दोन प्रकरणांच्या तुलनेतून दिसते.

केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांनी ९ नोव्हेंबर १९६७ रोजी पत्रकार परिषदेत न्यायसंस्थेवर मार्क्सवादी भूमिकेतून टीका केली. न्यायसंस्था हे दडपशाहीचे साधन आहे, न्यायाधीशांवर वर्गद्वेष, वर्गहित आणि वर्गीय पूर्वग्रह यांचा पगडा असतो, आणि श्रीमंत व गरीब यांच्या बाजूचा पुरावा समतोल असेल तेव्हा न्यायाधीशाचा कल सहजपणे श्रीमंताकडे जातो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. केरळ उच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने त्यांना दोषी ठरवून १,००० रुपये दंड केला. न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांचे मत वेगळे होते. ३१ जुलै १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, पण दंड ५० रुपयांवर आणला. सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी निकालात मार्क्स, एंगल्स व लेनिन यांच्या लेखनाचा परामर्श घेतला आणि नंबुद्रीपाद यांनी त्या विचारांचा विपर्यास केल्याचे मत मांडले. एका राज्याच्या मुख्यमंत्र्याने न्यायाधीश पूर्वग्रहाने निकाल देतात असे म्हटल्याने सामान्य माणसाच्या मनातील न्यायालयांविषयीचा विश्वास ढळतो, असा त्या निकालाचा आधार होता.

सतरा वर्षांनंतर, २८ नोव्हेंबर १९८७ रोजी केंद्रीय विधिमंत्री पी. शिवशंकर यांनी हैदराबाद येथे वकिलांसमोर भाषण केले. अभिजन वर्गातून आलेल्या सर्वोच्च न्यायालयाला जमीनदारांसारख्या संपन्न वर्गाविषयी उघड सहानुभूती होती, आणि परकीय चलन कायद्याचे उल्लंघन करणारे व वधूंना जाळणारे अशा समाजविघातक लोकांना तेथे आश्रयस्थान सापडले आहे, असे ते म्हणाले. त्यांच्याविरुद्ध पी. एन. दुडा यांनी केलेल्या याचिकेवर १९८८ मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी व एस. रंगनाथन यांच्या पीठाने हा अवमान नाही असे ठरवले. भाषणातील काही शब्द टाळता आले असते, परंतु संपूर्ण भाषण वाचता तो न्यायसंस्थेच्या जबाबदारीविषयीचा अभ्यास होता आणि त्यामुळे न्यायदानाला धोका पोहोचला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

दोन्ही वक्ते उच्च पदावर होते, दोघांची टीका न्यायाधीशांच्या वर्गीय ओढीविषयी होती, आणि शिवशंकर यांची भाषा अधिक सौम्य होती असे म्हणता येत नाही. फरक तीन बाबींत दिसतो. शिवशंकर यांनी प्रामुख्याने न्यायालयाच्या इतिहासाचे विवेचन केले, तर नंबुद्रीपाद यांच्या विधानात न्यायाधीश रोजच्या खटल्यांत कसे वागतात याविषयी सरसकट आरोप होता. पहिल्याचा श्रोता वकीलवर्ग होता, दुसऱ्याचा वृत्तपत्रांतून सर्व जनता. आणि १९८८ च्या पीठाने सुटी वाक्ये न घेता संपूर्ण भाषण विचारात घेतले. तरीही सीमारेषा शब्दांइतकीच पीठाच्या दृष्टिकोनावर अवलंबून राहते, ही या कायद्याची उणीव या तुलनेतून स्पष्ट होते.

या दोन निकालांच्या मधल्या काळात, १९७८ च्या एस. मुळगावकर प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी या अधिकाराच्या वापरासाठी काही तत्त्वे मांडली होती. अधिकार काटकसरीने वापरावा, न्यायाधीशाचे व्यक्तिगत संरक्षण व न्यायदानाचे संरक्षण यांत गल्लत करू नये, आणि न्यायाधीशांनी क्षुल्लक टीकेने अस्वस्थ होऊ नये, असा त्यांचा आशय आहे.

### प्रशांत भूषण प्रकरण (२०२०)

सर्वोच्च न्यायालयातील वकील प्रशांत भूषण यांनी २७ व २९ जून २०२० रोजी ट्विटरवर दोन संदेश प्रसिद्ध केले. २७ जूनच्या संदेशात, औपचारिक आणीबाणी नसतानाही मागील सहा वर्षांत लोकशाहीचा ऱ्हास झाला व त्यात सर्वोच्च न्यायालयाची, विशेषतः शेवटच्या चार सरन्यायाधीशांची भूमिका इतिहासकार नोंदवतील, असा आशय होता. २९ जूनच्या संदेशात नागपूर येथे मोटारसायकलवर बसलेल्या सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या छायाचित्राचा संदर्भ होता. त्यांनी मुखपट्टी व शिरस्त्राण घातलेले नाही असे सांगून, टाळेबंदीत न्यायालय बंद ठेवून ते नागरिकांना न्यायापासून वंचित ठेवत असल्याचे त्यात म्हटले होते.

न्यायमूर्ती अरुण मिश्रा, भूषण गवई व कृष्ण मुरारी यांच्या पीठाने १४ ऑगस्ट २०२० रोजी भूषण यांना दोषी ठरवले. २९ जूनच्या संदेशाचे पीठाने दोन भाग केले. मोटारसायकलविषयीचा भाग ही सरन्यायाधीशांवरील व्यक्तिगत टीका आहे, म्हणून तो अवमान नाही. न्याय नाकारल्याचा भाग मात्र सरन्यायाधीश या पदाशी संबंधित असून, दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावण्या चालू असल्याने तो असत्य आहे, असे पीठाने म्हटले. २७ जूनच्या संदेशामुळे न्यायसंस्थेवरील विश्वासाला तडा जातो असे ठरवण्यात आले. मोटारसायकल स्टँडवर उभी असल्याचे लक्षात आले नाही, म्हणून शिरस्त्राणाविषयीच्या उल्लेखाबद्दल भूषण यांनी खेद व्यक्त केला होता. उर्वरित मजकूर हे आपले प्रामाणिक मत असल्याचे सांगून त्यांनी माफी मागण्यास नकार दिला. महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी शिक्षा देऊ नये अशी विनंती केली. ३१ ऑगस्ट रोजी न्यायालयाने एक रुपया दंड केला. तो न भरल्यास तीन महिने साधी कैद व तीन वर्षे त्या न्यायालयात वकिलीस मनाई अशी अट होती. भूषण यांनी दंड भरला.

व्यक्ती आणि पद यांतील १९५३ चा भेद या निकालात थेट वापरलेला दिसतो. मात्र २७ जूनच्या संदेशातील विधान हे पडताळून पाहता येईल असे तथ्य आहे की मत, या प्रश्नावर निकालाविषयी तीव्र मतभेद झाले.

## सत्य हा बचाव

१९७१ च्या अधिनियमात सत्य हा बचाव मूळतः नव्हता. २००६ च्या दुरुस्तीने कलम १३(ब) घालण्यात आले. त्यानुसार, सत्याचा बचाव सार्वजनिक हिताचा आहे आणि तो मांडण्याची विनंती सद्भावनापूर्ण आहे याबद्दल न्यायालयाची खात्री झाल्यास, न्यायालय तो मांडण्यास परवानगी देऊ शकते. म्हणजे विधान खरे असणे एवढेच पुरेसे नाही. पण आरोप खरा आहे असे सांगणे हाच नवा अवमान, ही पूर्वीची अवस्थाही राहिलेली नाही.

या तरतुदीचा उपयोग इनडायरेक्ट टॅक्स प्रॅक्टिशनर्स असोसिएशन विरुद्ध आर. के. जैन (२०१०) या प्रकरणात दिसतो. कायदेविषयक नियतकालिकाचे संपादक असलेल्या जैन यांनी अप्रत्यक्ष करविषयक अपील न्यायाधिकरणाच्या कारभारातील दोष संपादकीयातून मांडले होते. त्यातील तथ्ये खोटी असल्याचे याचिकाकर्त्यांनी दाखवले नाही. सर्वोच्च न्यायालयाने याचिका खर्चासह फेटाळली. तपशील, तारखा आणि आदेशांचे दाखले देणारी टीका का टिकते, याचे हे उदाहरण आहे.

## कार्यपद्धती

फौजदारी अवमानाची दखल सर्वोच्च व उच्च न्यायालय स्वतःहून घेऊ शकते. अन्य व्यक्तीला अर्ज करायचा असल्यास कलम १५ नुसार उच्च न्यायालयासाठी राज्याच्या महाअधिवक्त्याची, आणि सर्वोच्च न्यायालयासाठी महान्यायवादी किंवा महान्यायअभिकर्ता यांची लेखी संमती लागते. निरर्थक किंवा सूडबुद्धीच्या तक्रारी आधीच गाळल्या जाव्यात, हा त्यामागचा हेतू आहे. कलम १८ नुसार अशा प्रकरणाची सुनावणी किमान दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे होते. दिवाणी अवमानासाठी अशा संमतीची गरज नसते.

संमतीची अट औपचारिक नाही, हे बाळ ठाकरे विरुद्ध हरीश पिंपळखुटे या प्रकरणात स्पष्ट झाले. अनुकूल निकालासाठी एका न्यायाधीशाने पैसे मागितल्याचा आरोप शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी १९९६ च्या दसरा मेळाव्यातील भाषणात केल्याची तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना कैद व दंडाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती रद्द केली. अर्जदारांनी महाअधिवक्त्यांची संमती घेतलेली नव्हती आणि उच्च न्यायालयाने दखल स्वतःहून घेतली असेही म्हणता येत नव्हते. भाषण अवमानकारक होते की नाही या प्रश्नापर्यंत प्रकरण पोहोचलेच नाही.

कलम २० नुसार, अवमान घडल्याच्या तारखेपासून एक वर्षानंतर कार्यवाही सुरू करता येत नाही. या मुदतीत अर्ज दाखल झाला असेल तर ती पाळली गेली असे मानले जाते. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध कलम १९ अन्वये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडे, आणि पीठाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे हक्काने अपील करता येते. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दिलेल्या शिक्षेवर मात्र या कलमाखाली अपील नाही.

## माफी

कलम १२ नुसार माफीने न्यायालयाचे समाधान झाल्यास आरोपीला सोडता येते किंवा शिक्षा माफ करता येते. माफी सद्भावनेने मागितली असेल, तर ती सशर्त आहे एवढ्याच कारणाने नाकारू नये, असे या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. त्यामुळे आरोपी आपला बचाव मांडून, तो अमान्य झाल्यास माफी मागू शकतो. शिक्षा समोर दिसू लागल्यावर उशिरा मागितलेली माफी बहुधा खऱ्या पश्चात्तापाचे लक्षण मानली जात नाही. दिवाणी अवमानात माफीबरोबर आदेशाचे पालनही अपेक्षित असते.

## सुधारणेची चर्चा

न्यायालयाच्या निंदानालस्तीचा अवमान ही संकल्पना इंग्लंडमधून आली. न्यायमूर्ती जॉन विल्मॉट यांनी १७६५ मध्ये तयार केलेल्या, परंतु न्यायालयात कधीही न वाचलेल्या निकालपत्रात तिची मांडणी आढळते. ते १८०२ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंड व वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने अवमानाचा हा प्रकार रद्द झाला. भारतात विधि आयोगाने एप्रिल २०१८ मधील २७४ व्या अहवालात हा प्रकार वगळू नये अशी शिफारस केली. अवमानाचा अधिकार थेट संविधानातून येत असल्याने अधिनियमातील व्याख्या बदलली तरी तो अधिकार संपणार नाही, आणि व्याख्या काढल्यास उलट न्यायालयांचा स्वेच्छाधिकार वाढेल, असे आयोगाचे म्हणणे होते.

याउलट, ज्या संस्थेवर टीका झाली तिनेच टीकाकाराचा न्याय करणे हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, आणि 'निंदानालस्ती' हा शब्द इतका संदिग्ध आहे की प्रामाणिक टीकाकारालाही आपली मर्यादा आधी कळत नाही, हे हा प्रकार रद्द करावा असे म्हणणाऱ्यांचे मुख्य मुद्दे आहेत. दिवाणी अवमान आणि प्रलंबित कार्यवाहीत अडथळा आणण्याचा अवमान यांविषयी असा वाद सहसा नसतो. सध्याच्या कायद्यात हे तिन्ही प्रकार एकाच अधिनियमात आणि एकाच कमाल शिक्षेखाली आहेत.